एकशे दहा मुले आणि एक जिल्हाधिकारी

आमच्या शाळेत १ ऑगस्टच्या परिपाठाला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती हे दोन विषय दर वर्षी ठरलेले असतात. २०२५ साली त्यांत तिसरा विषय आला, आणि तो माझ्यामुळे आला. जुलै महिन्यात सातवीच्या वर्गात मी महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर लावला असताना एका मुलाने उठून विचारले, “सर, या नकाशात आपला जिल्हाच नाही.” नकाशा जुना होता. त्यावर पस्तीस जिल्हे होते आणि आमचे जव्हार ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत दाखवले होते. मी त्याला एवढेच सांगितले, की पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला आणि नकाशा त्याआधीचा आहे. त्यावर तो म्हणाला, “पण झाला म्हणजे काय? जमीन तर होतीच ना?” हा प्रश्न मी शिक्षकांच्या खोलीत सांगितला, तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी राज्यातील जिल्ह्यांची संख्या वर्षानुवर्षे का बदलते, यावर १ ऑगस्टला सर्व शाळेसमोर बोला, असे सांगून टाकले. वेळ बारा मिनिटांचा होता आणि समोर पाचवीपासून दहावीपर्यंतची मुले असणार होती.

पहिल्या आठवड्यात मी जे भाषण लिहिले, ते आज वाचताना मला संकोच वाटतो, कारण ती निव्वळ एक यादी होती. १ मे १९६० रोजी राज्यात २६ जिल्हे होते. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबाद जिल्ह्यातून जालना वेगळे झाले. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर आणि चंद्रपूरमधून गडचिरोली असे आणखी दोन जिल्हे झाले. १९९० साली मुंबई उपनगर, १ जुलै १९९८ रोजी वाशीम आणि नंदुरबार, १ मे १९९९ रोजी हिंगोली आणि गोंदिया आणि शेवटी पालघर, अशी बेरीज ३६ वर येते. यात चुकीचे काहीच नव्हते. मात्र आमच्या मराठीच्या बाईंना मी ते वाचून दाखवले, तेव्हा गडचिरोलीपर्यंत पोहोचण्याच्या आत त्यांनी मला थांबवले. त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही ‘केव्हा’ ते सांगता आहात. मुलाने ‘का’ ते विचारले होते.”

त्यानंतर मी यादी बाजूला ठेवली आणि घरातील कागद काढले. आमचे गाव जव्हार तालुक्यातील. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘संस्थान जव्हार’ असे लिहिलेले आहे, कारण १९४८ पर्यंत जव्हार हे संस्थान होते आणि ते विलीन झाल्यावर ठाणे जिल्ह्यात आले. वडिलांच्या दाखल्यावर ‘जिल्हा ठाणे’ आहे, माझ्याही दाखल्यावर तेच आहे, आणि माझ्या मुलीच्या दाखल्यावर ‘जिल्हा पालघर’ आहे. घर तेच, विहीर तीच, शेताचा बांधही तोच. चार पिढ्यांच्या कागदांवरून एवढे स्पष्ट दिसत होते, की जिल्हा हा नदी किंवा डोंगर यांच्यासारखा जमिनीवर सापडणारा पदार्थ नसून ती कागदावर केलेली कामाची वाटणी आहे. एका जिल्हाधिकाऱ्याने किती गावांचा कारभार पाहायचा, याची ती वाटणी असते. भाषणाचा कणा मला येथे मिळाला.

मग मी ही वाटणी कोण आणि कशी करतो, ते नीट पाहिले. आमच्या शिक्षकांच्या खोलीतच दोघांचा ठाम समज असा होता, की नव्या जिल्ह्यासाठी संसदेत कायदा करावा लागतो. तो घोटाळा नव्या राज्याशी होतो. नवे राज्य निर्माण करणे किंवा राज्याची सीमा बदलणे हा संसदेचा अधिकार आहे, परंतु राज्याच्या आतील जिल्हे हा राज्य सरकारचा विषय आहे. महाराष्ट्रात त्याचा आधार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हा कायदा असून त्याच्या चौथ्या कलमानुसार राज्य शासन राजपत्रात अधिसूचना काढून जिल्हा, उपविभाग, तालुका आणि गाव यांच्या हद्दी ठरवते, त्या बदलते, दोन क्षेत्रे एकत्र करते किंवा एखादे क्षेत्र रद्दही करते. अट अशी, की आधी मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि त्यानंतरच अंतिम अधिसूचना निघते. पालघरच्या बाबतीत मंत्रिमंडळाचा निर्णय जून २०१४ मध्ये झाला आणि १ ऑगस्टपासून जिल्हा अस्तित्वात आला. आपल्याकडे महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते, आणि म्हणूनच महसूल दिनही त्याच तारखेला असतो. टिळक आणि अण्णाभाऊ यांच्या शेजारी महसूल खात्याचा दिवस येतो, हे मुलांना सांगितल्यावर त्यांना त्यात फारसे नवल वाटले नाही. मला मात्र वाटले होते.

कायद्यावरून कोणी केले ते कळते, का केले ते कळत नाही. त्यासाठी मी २०११ च्या जनगणनेकडे वळलो. त्या जनगणनेत पालघर नावाचा जिल्हा नाही, कारण तो तेव्हा नव्हता. आहे तो ठाणे जिल्हा, आणि त्याची लोकसंख्या आहे १,१०,६०,१४८. देशात त्या वर्षी याहून अधिक लोकसंख्येचा दुसरा जिल्हा नव्हता. पालघरचा आकडा काढायचा, तर वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांच्या लोकसंख्या एकत्र कराव्या लागतात. मी ती बेरीज फळ्यावर केली आणि उत्तर २९,९०,११६ आले. ते एकूण संख्येतून वजा केले, की नव्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८०,७०,०३२ उरते. एवढी वजाबाकी मुलांना करता येते, पण सकाळच्या उन्हात उभे राहून ती कोणी ऐकणार नाही, हे बावीस वर्षे शिकवल्यानंतर मला ठाऊक होते. म्हणून एका मुलाने एक लाख लोकांच्या जागी उभे राहावे, असे मी ठरवले.

रंगीत तालमीसाठी आदल्या दिवशी मी एकशे दहा मुलांना मैदानात उभे केले. दहावीतील एका मुलीला जिल्हाधिकारी करून त्यांच्यासमोर खुर्चीवर बसवले. तिने एकेकाचे नाव विचारून वहीत लिहावे, एवढेच काम दिले. वीस-बावीस नावे लिहून होईपर्यंत मागच्या रांगा मोडल्या आणि एकशे दहावा मुलगा तर केव्हाच नळाकडे निघून गेला. मग मी आठ मुले वेगळी काढून दुसऱ्या मुलीसमोर उभी केली. हा सिंधुदुर्ग जिल्हा होता, कारण त्याची २०११ ची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास आहे. (आठ घ्यायचे की नऊ, यावर गणिताच्या सरांनी मला बराच वेळ धरून ठेवले.) दोन्हीकडे अधिकारी एकच, कचेरी एकच, आणि एका बाजूला एकशे दहा तर दुसऱ्या बाजूला आठ. येथवर सगळे सोपे होते. लोक फार झाले म्हणून जिल्हा तोडला, असे उत्तर मुलांनी स्वतःच दिले.

परंतु ते उत्तर अपुरे आहे, आणि ते अपुरे आहे हे दाखवणे मला भाषणातील सर्वांत महत्त्वाचे वाटत होते. सिंधुदुर्ग मुळात एवढा लहान का, हा प्रश्न त्या उत्तराने सुटत नाही. गडचिरोलीचा तर अजिबात नाही. गडचिरोलीची लोकसंख्या २०११ साली पावणेअकरा लाखांच्या आत होती, म्हणजे आमच्या हिशेबाने अकरा मुले. पण तिचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे, आणि अखंड ठाणे जिल्हा ९,५५८ चौरस किलोमीटरचा होता. चंद्रपूरला बसून सिरोंचा आणि भामरागडचा कारभार चालवणे म्हणजे जंगल आणि नद्या ओलांडून दोन दिवसांचे काम करणे होते. तेथे जिल्हा माणसांच्या संख्येमुळे नव्हे, तर अंतरामुळे तोडावा लागला. म्हणून मी त्या अकरा मुलांना मैदानाच्या चार कोपऱ्यांत विखरून उभे केले आणि जिल्हाधिकारी मुलीला सर्वांची नावे चालत जाऊन लिहून आणायला सांगितले. अकराच मुले असूनही तिला सिंधुदुर्गवाल्या मुलीच्या कितीतरी पट वेळ लागला.

ठाणे जिल्ह्यात या दोन्ही अडचणी एकत्र आल्या होत्या, आणि त्या जिल्ह्याच्या वेगवेगळ्या भागांत होत्या. ठाणे, कल्याण, उल्हासनगर, भिवंडी या बाजूला गर्दी होती. मोखाडा, जव्हार, तलासरी या बाजूला अंतर होते. विभाजनाचे आकडे पाहिले, की हे नेमके दिसते. पालघर जिल्ह्याला ५,३४४ चौरस किलोमीटर जमीन मिळाली आणि ठाण्याकडे ४,२१४ चौरस किलोमीटर राहिली, म्हणजे निम्म्याहून अधिक जमीन नव्या जिल्ह्यात आली. लोक मात्र एकशे दहांपैकी तीसच आले. मोखाड्याच्या माणसाला एखाद्या दाखल्यावरील अपिलासाठी किंवा जमिनीच्या प्रकरणासाठी ठाण्याला जायचे, तर जाणेच शंभर किलोमीटरच्या वर होते, आणि मुक्कामाची पाळी येई. माझ्या वडिलांनी एका वारसनोंदीच्या प्रकरणात अशा पाच फेऱ्या केल्याचे मला आठवते. त्यांतील दोन फेऱ्यांत संबंधित साहेब दौऱ्यावर होते.

आता या तीस मुलांची गंमत. मी त्यांना तालुक्यांप्रमाणे उभे केले, तेव्हा वसईची तेरा, पालघरची सहा, डहाणूची चार, वाड्याची दोन, तलासरीची दोन, आणि जव्हार, विक्रमगड व मोखाडा यांचे प्रत्येकी एक, अशी विभागणी झाली. म्हणजे नव्या जिल्ह्यातही जवळजवळ निम्मी माणसे एकट्या वसई तालुक्यात आहेत. आणि वसईला अंतराची ती अडचण मुळात नव्हती. वसईकराला घोडबंदरमार्गे ठाणे गाठता येत होते. आता त्याला उत्तरेकडे, लोहमार्गाने एकोणचाळीस किलोमीटरवर, पालघरला जावे लागते. तालमीच्या वेळी वसईची भूमिका करणाऱ्या मुलांपैकी एकीने मला सांगितले, की तिचे मामा वसईला राहतात आणि ‘आमचे ठाणे बरे होते’ असे अजून म्हणतात. मी तिला म्हटले, उद्या हेच सर्वांसमोर सांग. नवा जिल्हा झाला म्हणजे प्रत्येकाची कचेरी जवळ येते, असे मी लिहून ठेवले होते. ते वाक्य त्या संध्याकाळी मी खोडले.

ते वाक्य मोखाड्यालाही लागू पडत नव्हते. मुख्यालय कोठे असावे, यावर आमच्या भागात बरीच वर्षे वाद होता. जव्हार हे जुने संस्थानचे ठिकाण, डोंगरी भागाच्या मध्यावरचे. त्यामुळे मुख्यालय जव्हारला व्हावे, ही मागणी जोरात होती. ते पालघरला गेले, कारण पालघर रेल्वेवर आहे आणि वसई, डहाणूकडील लोकसंख्या रेल्वेच्या कडेला आहे. ज्या डोंगरी भागाच्या गैरसोयीचा दाखला देऊन जिल्हा मागितला गेला, त्या मोखाड्याहून पालघरही काही जवळ नाही; घाट उतरून किनाऱ्याच्या बाजूला यावे लागते. मी स्वतः जव्हारचा असल्यामुळे या मुद्द्यावर माझे मत तटस्थ नाही आणि ते मी मुलांपासून लपवलेही नाही. तरी तीसपैकी तेवीस मुले रेल्वेच्या कडेच्या तीन तालुक्यांची आहेत, हे मैदानात डोळ्यांना दिसत असताना जव्हारची बाजू मांडणे मला वाटले त्यापेक्षा कठीण गेले.

एक भाग मी भाषणातून मुद्दाम वगळला, तो येथे लिहितो. तारखांची यादी पुन्हा पाहिली, तर काही जिल्हे निवडणुकीच्या तोंडावर झालेले दिसतात. हिंगोली आणि गोंदिया मे १९९९ मध्ये झाले आणि विधानसभेची निवडणूक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाली. पालघर ऑगस्ट २०१४ मध्ये झाला आणि निवडणूक ऑक्टोबरमध्ये. गर्दी आणि अंतर यांमुळे मागणी जन्माला येते व ती वीस-पंचवीस वर्षे पडून राहू शकते. ती नेमकी कोणत्या महिन्यात मान्य होते, हे मात्र बहुधा दुसऱ्याच कारणाने ठरते. पाचवीच्या मुलांसमोर हे कसे मांडावे, ते मला सुचले नाही.

१ ऑगस्टला, शुक्रवारी, पाऊस उघडलेला होता, म्हणून मैदानावरचा खेळ करता आला. टिळक आणि अण्णाभाऊंवरची मुलांची भाषणे थोडी लांबली आणि मला बाराऐवजी नऊ मिनिटे मिळाली. मी आजोबांच्या दाखल्यापासून सुरुवात केली, एकशे दहा मुले उभी केली, त्यांतून तीस वेगळी केली, आणि वसईच्या मामांचे म्हणणे त्या मुलीने सांगितले. अधिसूचनेची पद्धत मी चार वाक्यांत उरकली. नंतर मुख्याध्यापिका बाईंनी प्रश्न विचारायला परवानगी दिली, आणि खरी परीक्षा तेथे झाली.

आठवीच्या एका मुलाने विचारले, “सर, जिल्हे वाढतातच का? कमी होत नाहीत का?” हा भाग माझ्या पहिल्या कच्च्या मसुद्यात होता आणि वेळेअभावी मी तो कापला होता. होतात, असे मी सांगितले. राजस्थानात २०२३ साली जिल्ह्यांची संख्या ३३ वरून ५० करण्यात आली. सरकार बदलल्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये त्यांतील नऊ जिल्हे रद्द झाले आणि संख्या ४१ वर आली. आसामचे उदाहरण याहून विलक्षण आहे. तेथे मतदारसंघांची फेररचना व्हायची होती आणि १ जानेवारी २०२३ पासून हद्दी बदलण्यास निवडणूक आयोगाची बंदी होती, म्हणून आदल्याच दिवशी, ३१ डिसेंबर २०२२ रोजी, चार जिल्हे त्यांच्या मूळ जिल्ह्यांत विलीन करण्यात आले आणि ३५ चे ३१ झाले. फेररचना उरकल्यावर ते चारही पुढच्या वर्षी पुन्हा वेगळे झाले. आपल्याकडेही मुंबई उपनगर जिल्ह्याचे असे झालेले आहे. तो १९२० साली ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढला गेला, पुढे बृहन्मुंबईत विरून गेला, आणि १९९० साली पुन्हा स्वतंत्र झाला. १९६० च्या २६ जिल्ह्यांत तो नाही, याचे कारण हेच.

दुसरा प्रश्न अधिक व्यावहारिक होता. एका मुलीने विचारले, की तिच्या वडिलांच्या जुन्या कागदांवर ‘जिल्हा ठाणे’ असे आहे, तर ते आता चालत नाहीत का. चालतात. जिल्हा बदलला म्हणून जमिनीचा मालक बदलत नाही की दाखला खोटा ठरत नाही; ज्या तारखेला कागद झाला, त्या तारखेचा जिल्हा त्यावर असणार. अडचण येते ती शोधताना. जुनी दप्तरे जुन्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात असतात, त्यांची गावनिहाय वाटणी करून ती नव्या कचेरीत पाठवावी लागतात, आणि ते काम एका दिवसात होत नाही. नव्या जिल्ह्याला नुसता जिल्हाधिकारी पुरत नाही; पोलीस अधीक्षक, जिल्हा परिषद, कोषागार, भूमी अभिलेख, जिल्हा शल्यचिकित्सक अशी प्रत्येकाची कचेरी, तिची मंजूर पदे आणि तिला जागा लागते. पालघरचे मुख्यालय संकुल ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाले, म्हणजे जिल्हा झाल्यानंतर सात वर्षांनी. तोवर कचेऱ्या मिळेल त्या इमारतींत चालत होत्या. नवा जिल्हा मागताना या खर्चाची चर्चा फार थोडी होते, असे माझे मत आहे, आणि ते मी मुलांनाही सांगितले.

परिपाठानंतर आमच्या इतिहासाच्या सरांनी माझी एक चूक दाखवली. बोलण्याच्या ओघात मी ‘जिल्हा बदलला की सर्व हद्दी बदलतात’ असे म्हणून गेलो होतो. ते खरे नाही. पालघर लोकसभा मतदारसंघातून पहिली निवडणूक २००९ साली झाली, म्हणजे जिल्ह्याच्या जन्माच्या पाच वर्षे आधी. मतदारसंघांची आखणी वेगळ्या आयोगाकडून, वेगळ्या कायद्याने होते. पोलिसांचे तर उलटेच झाले आहे. २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार हे एकच पोलीस आयुक्तालय आहे, आणि त्यातील मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात तर वसई-विरार पालघर जिल्ह्यात आहे. जिल्ह्याची रेघ महसुलाच्या कामासाठी पक्की असते. इतर खाती ती पाळतात किंवा ओलांडतात. सोमवारच्या परिपाठात दोन मिनिटे मागून घेऊन मी ही दुरुस्ती केली.

त्याच सोमवारी सातवीतील तो मुलगा मधल्या सुट्टीत आला आणि पुढचा जिल्हा कधी होणार, असे विचारू लागला. जनगणनेपूर्वी प्रशासकीय हद्दी गोठवल्या जातात, कारण मोजणी चालू असताना गाव एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेले, तर आकडे जुळत नाहीत. २०२७ च्या जनगणनेसाठी ही तारीख ३१ डिसेंबर २०२५ ठरली होती, हे मी त्याला सांगितले. त्याने बोटांवर महिने मोजले, पाच आले. “म्हणजे तोवर झाला तर झाला,” असे म्हणून तो डबा खायला गेला.